रोह्याच्या एका जुन्या कात्रणाचे वाचन

रोह्यातील एका व्यापारी कुटुंबाच्या जुन्या कीर्दवहीत घडी घालून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण गेल्या वर्षी हाती आले. जेमतेम सहा ओळींचा मजकूर, कडा झिजलेल्या, घडीच्या जागी दोन शब्द जवळजवळ पुसलेले. वर्तमानपत्राचे नाव व वर्ष असलेला भाग कापून टाकलेला. कुटुंबात पूर्वापार ऐकिवात होते की पणजोबांनी मासखमण केले होते व त्याची बातमी छापून आली होती. परदेशात वाढलेल्या नातवंडांना ही हकीकत इंग्रजीत हवी होती, म्हणून कात्रणाचा मोबाइलवर फोटो काढून तो एका व्यावसायिक भाषांतरकाराकडे धाडण्यात आला. आलेल्या इंग्रजी मजकुरात 'आर. आर.' व 'जी. बी.' अशा आद्याक्षरांच्या दोन व्यक्ती होत्या, नवरदेवाच्या घोड्याचा उल्लेख होता, पेणच्या 'मंदिरांना' दिलेल्या देणगीचा उल्लेख होता. मासखमणाचा मात्र पत्ताच नव्हता. तेव्हा घरच्यांनी ते काम पेण येथे राहणाऱ्या आपल्या नात्यातील एका निवृत्त शिक्षिकेकडे सोपवले.

बाईंनी प्रथम भाषांतराला हात घातलाच नाही. त्यांनी रोह्याहून नवी प्रतिमा मागवली. मोबाइलच्या फोटोत दिव्याचा झोत पडून मधली अक्षरे उडाली होती. शिवाय जुना कागद पातळ असल्यामुळे मागच्या बाजूची छपाई पुढच्या अक्षरांत मिसळली होती. स्कॅनरवर कात्रणाच्या पाठीशी साधा काळा कागद ठेवला की मागची अक्षरे दबतात. स्कॅन रंगीत किंवा करड्या छटांत, इंचाला सहाशे ठिपक्यांच्या घनतेने घ्यावा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतल्यास यंत्र फिकट शाई कागदातच जमा धरते आणि अनुस्वार नाहीसे होतात. मागच्या बाजूचा स्कॅनही वेगळा घ्यावा. तो पुढे कसा उपयोगी पडला ते ओघात येईलच.

यानंतर बाईंनी मजकूर जसा छापला होता तसा, एकही अक्षर न सुधारता, कागदावर उतरवून घेतला. जे अक्षर दिसत नाही तेथे टिंब, जे अंदाजाने भरले ते चौकटी कंसात. अनेकजण येथेच घाई करतात व उतरवतानाच शुद्धलेखन 'सुधारतात'. एकदा अनुस्वार काढून टाकला की त्याने दिलेली साक्षही जाते. नावे वगळून तो मजकूर असा होता:

"रोहें, ता. १८ सप्टेंबर – येथील व्यापारी रा. रा. … शेट यांच्या मातोश्री ग. भा. … बाई यांच्या मास[ख]मणाचें पारणें आज भाद्रपद शु. ५ सोमवारीं झालें. गांवांत वरघोडा काढण्यांत आला होता. त्यांनीं आपल्या कै. य[ज]मानांचे स्मरणार्थ पेण येथील देरासरांत रु. ५१-८-० दिले."

पहिले दोन अडथळे संक्षेपांचे. 'रा. रा.' ही कोणाची आद्याक्षरे नव्हेत. 'राजमान्य राजश्री' हा त्या काळी कोणाही प्रतिष्ठित पुरुषाच्या नावामागे लावण्याचा उपचार होय. 'ग. भा.' म्हणजे 'गंगाभागीरथी', आणि ते केवळ विधवा स्त्रीच्या नावामागे लावीत. पहिल्या भाषांतरकाराने ती आद्याक्षरे मानल्यामुळे बातमीतील सर्वांत मोलाची माहिती, म्हणजे ही बाई त्या वेळी विधवा होती, हीच हरवली. वरघोड्याचे तर काय सांगावे! आपल्या घरांतील लहान मुलालाही वरघोडा म्हणजे मिरवणूक हे ठाऊक असते. समाजाबाहेरच्या वाचकाने शब्दाची फोड करून घोडा व वर हुडकून काढला, यात त्याचा फारसा दोष नाही.

मासखमण कोठे गेले, हे कोडे अक्षराच्या घडणीत होते. जुन्या खिळ्यांतील 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसे. दोहोंना जोडणारी खालची रेघ नसे किंवा इतकी बारीक असे की शाई कमी पडताच ती तुटे. घडीच्या जागी ते अक्षर तुटले व 'मासरवमणाचें' असा अर्थहीन शब्द तयार झाला. भाषांतरकाराने तो शब्द सोडूनच दिला होता. अशा छपाईत 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'थ' व 'य' या जोड्याही अशाच फसवतात. उपाय एकच, त्याच कात्रणात तेच अक्षर स्वच्छ उमटलेले दुसरीकडे शोधून दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायची. येथे दुसरा 'ख' नव्हता. परंतु 'व्यापारी' व 'वरघोडा' यांतील 'र' आणि 'व' स्वच्छ होते, आणि संशयित जागेतील 'र' त्यांच्या मानाने बराच अरुंद निघाला. तो स्वतंत्र 'र' नव्हता, 'ख'चा अर्धा भाग होता.

मग प्रश्न आला अनुस्वारांचा. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी मराठीत उच्चारात न येणारे अनुस्वार विपुल होते. नपुंसकलिंगी एकवचनी 'पारणें झालें', तृतीयेचे 'त्यांनीं', सप्तमीचे 'सोमवारीं', 'गांवांत'. ही यादी ठाऊक असली की अस्पष्ट छपाईत एक मोठी सोय होते. स्कॅनमध्ये 'आला' या शब्दाच्या डोक्यावरही एक काळा ठिपका होता. परंतु वरघोडा पुल्लिंगी, त्याच्या क्रियापदाला अनुस्वार येण्याचे कारण नाही. सबब तो शाईचा डाग. उलट 'पारणे'वरील बिंदू अगदी फिकट होता, पण तेथे तो यायलाच हवा, म्हणून तो अनुस्वार.

हाच अनुस्वार आजच्या वाचकाला चकवतोही. आज आपण 'देरासरात' म्हणजे एका देरासरात आणि 'देरासरांत' म्हणजे अनेक देरासरांत असा भेद करतो. जुन्या लेखनात सप्तमीच्या एकवचनालाही अनुस्वार असे, त्यामुळे 'देरासरांत' या रूपावरून संख्या कळतच नाही. त्याच बातमीत 'गांवांत' व 'काढण्यांत' आहे. वरघोडा काही अनेक गावांतून निघाला नव्हता, आणि 'काढणे' तर एकच. म्हणजे लेखक जुनी पद्धत पाळतो आहे. पहिल्या भाषांतरात 'मंदिरे' हे अनेकवचन आजच्या नियमाने आले. बाईंनी एकवचन ठेवले, व खाली टीप दिली की मूळ शब्दावरून संख्या निश्चित होत नाही. अनेकवचन अभिप्रेत असते तर 'दोन्ही' यासारखा शब्द अपेक्षित होता.

खरी अडचण 'त्यांनीं' या शब्दाची होती. आदरार्थी बहुवचनात मराठी स्त्री-पुरुष भेद करीत नाही. इंग्रजीत मात्र एकट्या देणाऱ्याविषयी लिहिताना पुरुष की स्त्री हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. देणगी मुलाने दिली की आईने? 'दिले' हे क्रियापद रुपयांशी जुळते, देणाऱ्याशी नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. निर्णय पुढच्या तीन शब्दांनी झाला, 'आपल्या कै. यजमानांचे'. 'आपल्या' हे सर्वनाम वाक्याच्या कर्त्याकडे वळते, आणि कै. यजमान म्हणजे दिवंगत पती. पती असलेला कर्ता स्त्रीच असणार. या शब्दातील 'ज' पुसलेला असल्यामुळे बाईंनी तो पुन्हा पुन्हा तपासला. एका अक्षराच्या त्या जागेत 'ज'खेरीज काही बसवले तर शब्दच होत नाही. तेव्हा उपवासही त्या माउलीचा आणि देणगीही तिचीच. घरात इतकी वर्षे जे पणजोबांच्या नावावर सांगितले जात होते, ते त्यांच्या आईचे होते.

रकमेचा खुलासा सोपा आहे. रुपये, आणे, पै या क्रमाने ५१-८-० म्हणजे एकावन्न रुपये आठ आणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून आजच्या दशमान पद्धतीत साडेएकावन्न. पहिल्या भाषांतरात ५१.८० असे छापले होते.

राहिले वर्ष. ते कोठेच नाही, परंतु तारीख, वार व तिथी तिन्ही आहेत, आणि तिन्ही एकत्र क्वचितच जुळतात. १८ सप्टेंबरला सोमवार १९२२, १९३३, १९३९, १९४४ व १९५० या वर्षी आला. त्यांपैकी भाद्रपद शुद्ध पंचमी त्या दिवशी केवळ १९३९ साली होती. १९२२ व १९३३ मध्ये १८ सप्टेंबर कृष्ण पक्षात पडतो, १९४४ मध्ये अमावास्येच्या लगत, आणि १९५० मध्ये पंचमी उलटून गेलेली होती. शिवाय आदल्या दिवशीची शुद्ध चतुर्थी ही मूर्तिपूजक परंपरेतील संवत्सरी. मासखमणाचा शेवटचा उपवास संवत्सरीला व पारणे पंचमीला, हा क्रम बातमीशी तंतोतंत जुळतो. कात्रणाच्या मागच्या बाजूच्या स्कॅनने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेथे अर्धवट कापलेल्या ओळींत 'जर्मन' व 'वॉर्सा' हे शब्द स्पष्ट वाचता येतात. पोलंडवरील आक्रमण १ सप्टेंबर १९३९ चे.

बाईंनी नातवंडांना तीन पाने पाठवली. पहिल्यावर कंस व टिंबांसह जुना मजकूर, दुसऱ्यावर आजच्या लेखनातील मराठी, तिसऱ्यावर इंग्रजी. मासखमण, पारणे, वरघोडा व देरासर हे शब्द त्यांनी इंग्रजीतही तसेच ठेवून प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत दिला. मासखमणाला 'उपवास' एवढेच म्हटले असते तर केवळ उकळलेल्या पाण्यावर काढलेले तीस दिवस वाचकाला कळले नसते. मूळ बातमीत जिल्ह्याचे नाव नव्हते, ते त्यांनी टिपेत दिले. त्या वेळचा कुलाबा, १९८१ पासून रायगड.

वर्तमानपत्राच्या नावाची जागा कोरी आहे. आता दिनांक हाती असल्यामुळे दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात सप्टेंबर १९३९ चे अंक मागवून पाहण्याचे कुटुंबाने ठरवले आहे. बातमी रोह्याहून १८ तारखेस निघालेली, म्हणून दैनिकांचे १९ पासून पुढचे तीन-चार अंक व साप्ताहिकांचे त्यानंतरचे दोन अंक पाहायचे आहेत. कात्रणाच्या स्तंभाची रुंदी पट्टीने मोजून घेतली आहे. ती ज्या पत्राशी जुळणार नाही, ते पत्र पाने न चाळताच बाजूला ठेवता येईल.