एक किलो पेट्रोलला हवा किती?

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. ते नीट जळायला हवा लागते जवळपास ११ किलो, म्हणजे समुद्रसपाटीला नऊ हजार लिटरहून जास्त. पाण्याचा मोठा टँकर भरेल एवढी हवा गाडी एका लिटरमागे ओढते, आणि तिचा हिशेब आपण कधी ठेवत नाही. पंपावर पैसे फक्त पेट्रोलचे पडतात, पण इंजिनच्या दृष्टीने मोजायची गोष्ट खरं तर हवा आहे.

हे प्रमाण येतं कुठून, ते शाळेतल्या रसायनशास्त्रात बसतं. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण असतं. त्यातलं ऑक्टेन घ्या. त्याच्या रेणूत आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन. सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड आणि सगळ्या हायड्रोजनचं पाणी व्हायचं असेल, तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला बरोबर ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्केच असल्यामुळे तेवढ्या ऑक्सिजनसाठी १७२० ग्रॅमच्या आसपास हवा घ्यावी लागते, म्हणजे एकास पंधरा. पेट्रोलमधल्या टोल्युइनसारख्या घटकांना यापेक्षा कमी, एकास साडेतेरा एवढीच हवा पुरते. सगळ्यांची सरासरी काढली की नेहमीच्या पेट्रोलसाठी १४.७ हा आकडा निघतो. एक किलो पेट्रोल, १४.७ किलो हवा. जळल्यावर ना पेट्रोल उरत, ना ऑक्सिजन. रसायनशास्त्रात याला स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण म्हणतात. हवा यापेक्षा जास्त झाली तर मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच. प्रत्यक्षातल्या हवेला या आदर्श हवेने भागलं की मिळतो लॅम्डा: एक म्हणजे काटेकोर, एकच्या वर लीन, एकच्या खाली रिच.

गंमत अशी, की हा काटेकोर आकडा इंजिनचा स्वतःचा आवडता नाही. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर ते १२.५ ते १३ मागतं, आणि कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर हवं असेल तर साडेपंधरा-सोळा. १४.७ वर ना सर्वांत जास्त ताकद मिळते, ना सर्वांत चांगलं ॲव्हरेज.

ताकदीला रिच मिश्रण का लागतं? सिलिंडरमध्ये एका फेरीत किती हवा मावेल, हे इंजिनच्या आकारावर ठरतं. पेट्रोल मात्र हवं तेवढं टाकता येतं. तेव्हा ताकद वाढवायची म्हणजे आत आलेल्या ऑक्सिजनचा कण न् कण वापरायचा. पण पिस्टन मिनिटाला हजारो फेऱ्या मारत असताना पेट्रोल आणि हवा कधीच पूर्ण एकजीव होत नाहीत. थोडं पेट्रोल जादा टाकलं, तर एकही ऑक्सिजन रेणू जोडीदाराविना राहत नाही. शिवाय लॅम्डा ०.९ च्या आसपास ज्योत सर्वांत वेगाने पसरते, आणि जादा पेट्रोलची वाफ होताना आतली हवा थंड होते. पिकअप छान मिळतो. किंमत धुरातून मोजावी लागते: ऑक्सिजन अपुरा पडल्याने काही कार्बन अर्धाच जळतो आणि धुरात तीनेक टक्के कार्बन मोनॉक्साइड निघतो. न जळलेलं पेट्रोलही बाहेर पडतं.

लीन बाजूला चित्र उलटं. हवा भरपूर, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड जवळपास संपतो आणि पेट्रोल वाचतं. पण इथे तिसराच त्रास उभा राहतो. ज्योत अजून तापलेली आणि शेजारी रिकामा ऑक्सिजन, अशी स्थिती लॅम्डा १.०५ च्या आसपास असते. एरवी निवांत असलेला हवेतला नायट्रोजन तिथे ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सर्वांत जास्त तयार होतात. आणखी लीन केलं की ज्योत थंड पडते, ही ऑक्साइडं घटतात. पण मग ज्योत इतकी रेंगाळते की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळणं संपलेलं नसतं. व्हॉल्व्ह तापतो. त्याही पुढे गेलं तर काही फेऱ्यांत मिश्रण पेटतच नाही, गाडी मिसिंग करते आणि अख्खं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. म्हणजे लीन केलं की प्रदूषण कमी, हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा.

होंडाने सत्तरच्या दशकात ही मर्यादा चतुराईने ओलांडली होती. त्यांच्या सीव्हीसीसी इंजिनात प्लगपाशी एक छोटी कोठडी होती. तिच्यात रिच मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मुख्य सिलिंडरमधलं लीन मिश्रण जाळायचं. अमेरिकेतले त्या काळचे कडक नियम होंडा सिव्हिकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पाळून दाखवले. पुढे नियम आणखी आवळले गेले आणि कन्व्हर्टरला पर्याय उरला नाही.

१४.७ ची सक्ती आली ती या कन्व्हर्टरमुळे. सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. त्याला एकाच वेळी दोन विरुद्ध कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलला ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा. धूर रिच असेल तर द्यायला ऑक्सिजन नाही. लीन असेल तर मोकळा ऑक्सिजनच इतका असतो की नायट्रोजनकडून तो काढून घ्यायची गरज कुणालाच उरत नाही. दोन्ही कामं जमतात ती लॅम्डा एकच्या अगदी जवळ, जेमतेम एखाद्या टक्क्याच्या फटीत.

एवढी अचूकता कार्बोरेटरला झेपत नाही. त्यासाठी एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आला. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा लागला. त्याच्या झिर्कोनियाच्या टोपणाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर. धुरात ऑक्सिजन नसेल तर तो ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो, असेल तर ०.१ च्या आसपास. मधली उडी एकदम पडते. कंप्युटर ०.४५ ची रेघ धरून बसतो: व्होल्टेज वर गेलं की पेट्रोल थोडं कमी, खाली आलं की थोडं जास्त. त्यामुळे चालत्या गाडीचं मिश्रण स्थिर नसतंच. ते एकच्या वर-खाली सतत झुलत राहतं आणि जाळीवरचा सेरियम ऑक्साइड लीन क्षणी ऑक्सिजन साठवून रिच क्षणी सोडतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला किंवा गार इंजिन सुरू केलं, की बऱ्याच गाड्या हे गणित बाजूला ठेवून रिच होतात. सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो तो म्हणूनच. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ते जास्त द्यावं लागतं, आणि जाळी अजून तापलेली नसल्याने ती कामाला लागलेली नसते.

आता हा १४.७ चा आकडाच आपल्याकडे बदलला आहे. उसाच्या पट्ट्यातून येणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलेलं ई-२० आता देशभर विकलं जातं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे त्याला हवा एकास नऊ एवढीच पुरते. वजनाच्या हिशेबाने ई-२० साठी काटेकोर प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं.

दहा-पंधरा वर्षं जुनी कार्बोरेटरची मोटरसायकल घ्या. तिला इंधन बदललेलं कळत नाही. जेटच्या भोकातून पूर्वीइतकंच इंधन जातं. पूर्वी १४.७ वर चालणारं मिश्रण आता सात-आठ टक्के लीन होतं. फुल थ्रॉटलला मेन जेट मुळात रिच असतो, तिथे फारसं कळत नाही. बोंब होते ती आयडलिंगला आणि हळू चालवताना, कारण प्रदूषणाच्या नियमांसाठी कंपनीने ते भाग आधीच लीन ठेवलेले असतात. मग गार गाडी चोकशिवाय हलत नाही, एका वेगात धरली तर हिसके देते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. प्लग काढून पाहिला तर टोक पांढुरकं दिसतं. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग विटकरी-तपकिरी असतो, रिचचा काजळीने काळा.

उपाय मोठा नाही. मिक्स्चर स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा असतो, अर्धा आटा सैल केला की मिश्रण रिच होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आणि तो उलट, म्हणजे आवळावा लागतो. याच ठिकाणी बरेच जण फसतात. मधल्या वेगासाठी निडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर उचलली जाते आणि इंधन वाढतं. मात्र हे करण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड तपासावा. त्याला चीर असेल तर तिथून चोरटी हवा शिरते, आणि कितीही स्क्रू फिरवला तरी मिश्रण लीनच राहतं.

ॲव्हरेज मात्र स्क्रूने परत येत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरची उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते. ताकद तशी घटत नाही, कारण एक किलो हवेमागे दोन्ही इंधनं जवळपास सारखीच उष्णता देतात. मिश्रण जुळवून घेतलं तर गाडी तशीच पळते, फक्त टाकी लवकर रिकामी होते.

इंजेक्शनच्या गाडीत ही जुळवाजुळव सेन्सर करतो. धुरात ऑक्सिजन दिसला की तो पेट्रोल वाढवायला सांगतो, आणि कंप्युटर ती दुरुस्ती लक्षात ठेवतो. पण दुरुस्तीची मर्यादा संपली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर P0171 उमटतं, म्हणजे मिश्रण फार लीन. हा कोड दिसला म्हणजे इंजिनला पेट्रोल कमीच पडतंय असं नसतं. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, तो फक्त ऑक्सिजन ओळखतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅसकेट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर लीन म्हणून ओरडतो. एखादा प्लग मिसिंग करत असेल तर त्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो, तरी तेच. कंप्युटर बिचारा पेट्रोल वाढवत जातो, मूळचं ठीक असलेलं इंजिन रिच होतं, प्लग काळे पडतात. आणि स्कॅनरवर कोड मात्र लीनचाच असतो.