मोतीबिंदू पिकण्याची वाट

मोतीबिंदू पिकल्याखेरीज शस्त्रक्रिया करू नये, हा समज मोठा छेद घेऊन भिंग काढावे लागे त्या काळचा असून, आज सुमारे ३ मिलिमीटरांच्या छेदातून ते ध्वनितरंगांनी फोडून शोषून घेतले जात असल्यामुळे निराधार ठरला आहे. उलट, पिकून कठीण झालेले भिंग फोडण्यास अधिक ऊर्जा लागते व तिचा आघात डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याच्या नाजूक पेशींवर होतो. म्हणून डॉक्टर पाहतात ती रुग्णाच्या नित्य व्यवहारातील अडचण: तक्त्यावरील ६/१२ ची ओळ वाचणाऱ्या शिंप्याला चष्मा बदलूनही सुईत दोरा ओवता येईना, तर वेळ आली; तितक्याच दृष्टीवर जिचे काही अडत नाही, त्या वृद्धेने खुशाल थांबावे. मात्र अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढू शकतो; डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.