सहा महिन्यांनी आलेला निरोप: ‘अजून नोकरी शोधताय का?’

‘नमस्कार, तुम्ही अजून नवी नोकरी शोधताय का?’ फेब्रुवारीत दोन वेळा बोलून गप्प झालेल्या रिक्रूटरचा हा निरोप ऑगस्टमध्ये अचानक येतो. भारतातल्या आयटी क्षेत्रात हे नेहमीचे आहे आणि त्यामागे बहुधा नोटीस पिरियड असतो. अनेक कंपन्यांत तो 60 किंवा 90 दिवसांचा असतो. फेब्रुवारीत ज्या उमेदवाराची निवड झाली, त्याच्या मुलाखती, ऑफर आणि नोटीस यांत चार-पाच महिने सहज जातात. एवढे होऊन तो शेवटच्या आठवड्यात ‘येत नाही’ म्हणतो, कारण त्याच काळात त्याला दुसरीकडून जास्त पगाराची ऑफर मिळालेली असते. जागा पुन्हा रिकामी होते आणि रिक्रूटर जुनी यादी काढतो. कधी जागा नवीही असते, पण यादी तीच. म्हणून या निरोपाचा अर्थ ‘तुमची निवड झाली’ असा नसतो आणि ‘तुम्ही दुसऱ्या पसंतीचे’ असा अपमानही त्यात वाचू नये. रिक्रूटरला एवढेच हवे असते की समोरचा माणूस उपलब्ध आहे का, किती दिवसांत येईल आणि किती पगार मागेल.

नुसते ‘हो’ हे उत्तर इथे अपुरे पडते. रिक्रूटरच्या तक्त्यात आधीचे आकडे तसेच असतात आणि उमेदवाराने काही न सांगितल्यास तेच क्लायंट कंपनीकडे जातात. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारीत त्याचे सीटीसी, म्हणजे कंपनी मोजते तो वार्षिक पगार, 9 लाख होते, अपेक्षा 12 लाखांची आणि नोटीस 60 दिवसांची. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये 10 टक्के वाढ मिळून सीटीसी 9.9 लाख झाले. त्यातले 90 हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारे. बढतीबरोबर नोटीसही 90 दिवसांची झाली. जुन्याच माहितीवर मुलाखती पार पडल्या, तर ऑफरच्या वेळी पगाराच्या पावत्या दाखवताना तफावत उघडी पडते. तोवर क्लायंटने 60 दिवसांच्या हिशेबाने काम आखलेले असते. चूक कोणाचीही असो, संशय उमेदवारावरच येतो.

त्याचे उत्तर साधारण असे असावे: ‘नमस्कार. हो, योग्य संधी असेल तर बदलण्याचा विचार आहे. फेब्रुवारीनंतर माहिती बदलली आहे. सध्याचे सीटीसी 9.9 लाख, त्यात 9 लाख फिक्स्ड. अपेक्षा 12.5 ते 13 लाख. नोटीस 90 दिवस, अजून राजीनामा दिलेला नाही. जागा तीच आहे की वेगळी? कंपनीचे नाव, कामाचे ठिकाण आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावे लागेल, ते कळवा. मी होकार दिल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवू नका.’ हा मजकूर बहुधा इंग्रजीत जातो. त्याने मुद्दे बदलत नाहीत.

शेवटचे वाक्य अनेकांना उद्धट वाटते, पण सगळ्यांत उपयोगाचे तेच. उमेदवार आपण आणला, हा कन्सल्टन्सीचा दावा करारानुसार काही महिने चालतो. मधल्या काळात दुसऱ्या कन्सल्टन्सीने तोच रेझ्युमे त्याच कंपनीकडे पाठवला असेल, तर नवी नोंद ‘डुप्लिकेट’ ठरते. मोबदला कोणाचा, या वादात पडण्यापेक्षा काही कंपन्या तो उमेदवारच बाजूला ठेवतात आणि त्याला कारण कळतही नाही. त्यामुळे आपला रेझ्युमे कोणामार्फत कुठे गेला, याची तारखांसह यादी उमेदवाराने स्वतः ठेवावी. क्लायंटचे नाव सांगायला रिक्रूटर कधी सुरुवातीला कचरतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र रेझ्युमे पाठवण्याआधीही ते सांगत नसेल, तर थांबलेले बरे. नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे मागितले, तर संवाद तिथेच संपवावा.

राजीनामा दिला असेल, तर उत्तरात पहिल्यांदा शेवटच्या दिवसाची तारीख लिहावी. ‘नोटीसवर आहे’ एवढ्याने 10 दिवस उरलेत की 80, ते कळत नाही, आणि कमी दिवस उरलेल्या माणसाला अशा वेळी खरोखर मागणी असते. हातात ऑफर असेल तर तीही सांगावी. ती लपवून भाव वाढवला, की ऐनवेळी ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते.

नवी नोकरी लागली असेल, तर दोन वाक्ये पुरतात: ‘मेमध्ये दुसरीकडे रुजू झालो आहे, निदान वर्षभर बदलायचे नाही. आठवण ठेवल्याबद्दल आभार.’ उत्तरच दिले नाही, तर तक्त्यात ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. मुदत सांगितली, तर पुढचा निरोप सोयीच्या वेळी येण्याची शक्यता वाढते.