तुरीचा रंग ज्वारीला कसा गेला?

बाजार समितीतल्या आवकेचा महिन्यागणिक तक्ता एक्सेलमध्ये ठेवला आहे असं धरू. एका रकान्यात महिना, दुसऱ्यात पीक, तिसऱ्यात क्विंटल. त्यावर पिव्होट टेबल, आणि टेबलावरून पिव्होट चार्ट. ऑगस्टपर्यंत पिकं चारच होती: ज्वारी, तूर, सोयाबीन, हरभरा. एक्सेलच्या बरीच वर्षं चाललेल्या रंगसंगतीत त्यांना अनुक्रमे निळा, नारिंगी, राखाडी आणि पिवळा रंग मिळाला. अहवाल छापला, वाटला, लोकांच्या नजरेत बसला.

खरिपात उडीद लवकर निघतो. सप्टेंबरच्या नोंदीत तो पहिल्यांदा आला. कारकुनानं ‘रिफ्रेश’ दाबलं आणि सगळी ओळ एका घरानं सरकली. उडीद निळा झाला, ज्वारी नारिंगी, तूर राखाडी, सोयाबीन पिवळा आणि हरभऱ्याला पाचवा, फिकट निळा मिळाला. आकडा एकही चुकला नव्हता. पण ऑगस्टचा छापील कागद शेजारी ठेवून बघणाऱ्याला नारिंगी पट्टी ४०० क्विंटलवरून १५० वर आलेली दिसते. तूर कोसळली, असं तो म्हणणार. प्रत्यक्षात तूर ३८० आहे, १५० ही ज्वारी आहे. खाली रंगांची सूची असते हे खरं, पण ओळखीच्या चार्टची सूची कोण पुन्हा वाचतं?

हे होतं कारण एक्सेल आपणहून देतो तो रंग पिकाच्या नावाला नसतो, रांगेतल्या जागेला असतो. शाळेत हजेरी क्रमांक आडनावाच्या अक्षरानुसार असतील आणि वर्षाच्या मध्यात एखादा आगरकर दाखल झाला, तर पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात, तसंच. पिकांच्या रकान्याला ‘चढत्या क्रमानं लावा’ अशी सूचना दिलेली असेल, तर ‘उ’ हा ‘ज’च्या आधी येणारच. हातानं दिलेले रंगही अशा सरकण्यात टिकतील याची पिव्होट चार्टमध्ये खात्री धरू नये.

पहिला उपाय सोपा. पिकांच्या शीर्षकावरच्या बाणातून More Sort Options उघडून Manual निवडायचं. मग नवं पीक रांगेच्या शेवटी येतं आणि जुन्यांच्या जागा हलत नाहीत. मात्र एखादं पीक गाळणीत गळलं, की त्याची जागा रिकामी राहत नाही. मागचे पुढे सरकतात आणि रंग पुन्हा फिरतात. त्यासाठी फील्ड सेटिंग्जमधलं Show items with no data चालू ठेवावं लागतं.

शेवटी जोडण्याचा उपाय सगळीकडे चालतो असंही नाही. आर भाषेतलं ggplot2 रंगचक्राचे गटांच्या संख्येइतके समान भाग करतं. तीन गटांना लाल, हिरवा, निळा. चौथा आला की लाल तेवढा जागेवर राहतो, बाकी सगळे बदलतात. तिथे प्रत्येक नावापुढे रंग लिहूनच द्यावा लागतो.

दर महिन्याला जाणाऱ्या अहवालासाठी मी तरी पिव्होट चार्टवर विसंबणार नाही. वेगळ्या पानावर ठरीव तक्ता करावा: पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात ‘इतर’, मग आपल्याला हव्या त्या क्रमानं पिकं. नोंदी Data नावाच्या पानावर असतील, तर C2 मध्ये पिकाचं सूत्र आणि B2 मध्ये ‘इतर’चं:

```
=SUMIFS(Data!$C:$C,Data!$A:$A,$A2,Data!$B:$B,C$1)
=SUMIFS(Data!$C:$C,Data!$A:$A,$A2)-SUM(C2:Z2)
```

पहिलं सूत्र पिकांच्या सगळ्या रकान्यांत ओढायचं. दुसरं महिन्याच्या एकूण आवकेतून ओळखीची पिकं वजा करतं. साधा चार्ट या तक्त्यावर काढायचा, रंग एकदाच द्यायचे. आता उडीद आला तर कुणाचाच रंग हलत नाही, फक्त ‘इतर’मध्ये आकडा उगवतो.

तो आकडा दिसला की मूळ नोंदी उघडून बघा. दर वेळी नवं पीक असेलच असं नाही. ‘सोयाबीन’च्या पुढे चुकून एक मोकळी जागा पडली किंवा कुणी ‘सोयाबिन’ लिहिलं, तरी संगणकाच्या लेखी ते वेगळं पीक असतं, आणि पिव्होटमध्ये तेही स्वतःचा रंग मागतं. अशा नोंदी मुळातच दुरुस्त करा. खरंच नवं पीक असेल आणि पुढेही येत राहणार असेल, तर त्याला सर्वांत उजवीकडे नवा रकाना द्या, चार्टची कक्षा तिथवर वाढवा, आणि त्या महिन्याच्या अहवालात ‘उडीद नव्यानं जोडला’ अशी एक ओळ चार्टखाली छापा.