उकडीच्या मोदकांचं तिकीट

श्रावण लागला की ‘ऑनलाइन मोदक कार्यशाळा’ अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. स्वयंपाकात हात तयार असलेल्या बाईला घरबसल्या कमाईचा हा बरा मार्ग आहे. मात्र ‘गणपतीचा नैवेद्य’ असा ऐसपैस विषय घेतला की दोन तासांत पाच पदार्थ दाखवून होतात आणि शिकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. लोकांचं अडतं ते उकडीपाशी आणि कळ्यांपाशी. सारण सगळ्यांना येतं. म्हणून विषय तेवढाच ठेवावा : ‘न फुटणारी उकड आणि नीट कळ्या’. सारण आधीच करून घेऊन बसा, असं सांगून टाकावं.

विषय पडद्यावर शिकवता येतो का, हेही बघावं लागतं. उकड किती मऊ झाली ते हाताला कळतं, कॅमेऱ्याला नाही. त्यावर तोडगा आहे. मळलेल्या उकडीची लिंबाएवढी गोळी करून तळव्यावर दाबायला सांगायची आणि ती कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावून अजून मळायचं, आणि बोटांना चिकटत असेल तर तुपाचा. हे बारा जणांचं बघायचं म्हटलं, प्रत्येकाला दोन मिनिटं दिली, तरी चोवीस मिनिटं गेली. म्हणून कार्यशाळेला बाराच जागा. शंभर जणांना नुसतं दाखवायचं असेल तर तो वेबिनार झाला. त्याचं तिकीटही त्या मानानं कमी हवं, कारण तिथे कुणाची गोळी कुणी बघत नाही.

दर ठरवताना शेजारणीने किती लावले ते विचारण्याआधी स्वतःचा खर्च मांडावा. समजा, झूमचं महिन्याचं भाडं, चॅट सांभाळणाऱ्या मदतनीस मुलीचे पैसे आणि सरावाची पिठी-नारळ मिळून तीन हजार धरले. तिकीट ७९९ रुपये. पेमेंट गेटवे सर्वसाधारणपणे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापतो, म्हणजे तिकिटामागे १९ रुपये गेले, ७८० उरले. चार जण आले की खर्च जेमतेम निघतो, बारा आले की हाती साधारण ६,३६० रुपये राहतात. तयारी, रंगीत तालीम, रात्री अकराला येणारे ‘ताई, बासमती चालेल का?’ हे सगळं धरून दहा तास लागले, तर तासाला सहाशेच्या वर पडले. वाईट नाही. तेच तिकीट २९९ ठेवलं, तर सगळ्या बारा जागा भरूनही पाचशे-सहाशेच सुटतात.

फुकटच्या झूमवर मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते, गूगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त जण असले की तासाभराने. काहीजणी म्हणतात, पुन्हा लिंक पाठवू. पण तेव्हा सगळ्यांचे हात उकडीत असतात, लिंकवर बोट कोण ठेवणार? एक महिन्याचं भाडं भरावं हे उत्तम. दुसरा फोन स्टँडवर उलटा लावून, हातांवर रोखून, त्याच मीटिंगमध्ये वेगळ्या नावाने जोडावा. त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवावेत, नाहीतर कर्कश शिट्टी घुमते.

खरी वादावादी होते ती परताव्यावरून. नियम पैसे भरण्याच्या पानावरच, बटणाच्या वर हवा. तो असा असू शकतो : तीन दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, त्यानंतर नाही, पण आपल्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येईल. ‘पुढच्या बॅचला या’ हे मोदकांच्या बाबतीत फसवं आहे, कारण चतुर्थीनंतर ती बॅच कुणाला हवी असते? म्हणून चतुर्थीआधीचे दोन रविवार धरावेत, म्हणजे पहिला हुकलेल्याला दुसरा देता येतो. पैसे परत केले तरी गेटवेची कात्री बहुतेक वेळा परत मिळत नाही, ते १९ रुपये शिकवणारीने सोसायचे. चारांपेक्षा कमी नावं आली तर कार्यशाळा रद्द करायची की तोट्यात घ्यायची, हे त्याच तीन दिवस आधीच्या मुदतीला ठरवावं.

वीज आपल्याकडची गेली तर तारीख की पैसे, हे शिकणाऱ्याने निवडावं. त्याचं नेट गेलं तर आठवडाभर रेकॉर्डिंग द्यावं. ‘कोणत्याही परिस्थितीत पैसे परत नाहीत’ असं छापून सुटका होईल, असं काहींना वाटतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेत कसूर झाली असताना बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आयत्या वेळी कार्यशाळाच झाली नाही, तर तो कागद कामाला येत नाही.