इसेएचा आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे

शाळेची फी माफ करून घ्यायची, तर आपल्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यावर एक आकडा असतो आणि तो कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सांगतो. इटलीत याच कामासाठी जो कागद चालतो, त्यावरही एक ठळक आकडा असतो. पण तो उत्पन्नाचा आकडा नसतो. इटालियन कागदपत्रांचं भाषांतर करताना मला सर्वांत जास्त काळजी याच एका गोष्टीची वाटते. इटलीत राहणारं एखादं कुटुंब मुलीसाठी परदेशातल्या विद्यापीठाकडे फी-सवलत मागतं, तेव्हा हा कागद ज्याच्या टेबलावर जातो त्याने असा आकडा आयुष्यात पाहिलेला नसतो.

या आकड्याला म्हणतात इसेए. ‘आर्थिक स्थितीचा समतुल्य निर्देशांक’ या अर्थाच्या चार इटालियन शब्दांची ही आद्याक्षरं. पाळणाघराच्या फीपासून विद्यापीठाच्या फीपर्यंत बहुतेक सवलती त्यावर ठरतात. तो काढण्यासाठी कुटुंब आधी एक घोषणापत्र भरतं, ‘दिकियारात्सिओने सोस्तितुतीवा ऊनिका’, म्हणजे डीएसयू. बरेच लोक ते काफ नावाच्या करसाहाय्य केंद्रात बसून भरतात. मग इन्प्स ही सरकारी सामाजिक सुरक्षा संस्था हिशेब करून प्रमाणपत्र देते.

अडचण नावापासूनच सुरू होते. ‘सोस्तितुतीवा’चं शब्दशः भाषांतर केलं तर ‘पर्यायी घोषणा’ असं काहीतरी होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, मूळ कागद कुठेतरी हरवला असावा. खरा अर्थ असा, की ही घोषणा दाखल्याच्या जागी चालते आणि खोटी निघाली तर सही करणाऱ्यावर फौजदारी होऊ शकते. हे वजन भाषांतरात उतरलंच पाहिजे. ‘ऊनिका’ म्हणजे ‘अद्वितीय’ नव्हे, ‘एकच’: सगळ्या सवलतींसाठी मिळून एकच घोषणा.

आता हिशेबाकडे येऊ. समजा वेरोनात भाड्याच्या घरात राहणारं चौघांचं कुटुंब आहे. वडिलांना वर्षाला 27,000 युरो पगार, आईला 14,000. मुलगी 18 वर्षांची, मुलगा 21 वर्षांचा. मुलगा बोलोन्यात खोली घेऊन शिकतो, त्याने पत्ताही तिकडे बदलून घेतलाय. तरी तो याच कुटुंबात मोजला जातो, कारण तो 26 वर्षांच्या आतला आहे, त्याचं लग्न झालेलं नाही, त्याला मूल नाही आणि करासाठी तो आईवडिलांवर अवलंबून आहे. म्हणून ‘नुक्लेओ फामिल्यारे’चं भाषांतर ‘एका घरात राहणारी माणसं’ असं केलं की गडबड होते. परदेशी कचेरीच्या अर्जावर घरात तिघंच दिसतात, प्रमाणपत्रावर चौघं, आणि कुणीतरी माहिती लपवतंय असा संशय येतो. मी इथे ‘इसेएच्या नियमांनुसार धरलेलं कुटुंब’ असं लिहिते आणि तळटीप देते.

दोघांचा पगार मिळून 41,000 युरो. प्रत्येक पगारातून 20 टक्के वजा होतात, पण माणशी 3,000 पर्यंतच. म्हणजे वडिलांचे 3,000 आणि आईचे 2,800 गेले, उरले 35,200. घरभाडं वर्षाला 7,200 आहे. त्यातलं 7,000 पर्यंतच धरतात. उरले 28,200.

पुढे येतं ‘पात्रिमोनियो मोबिलिआरे’. इटालियनमध्ये ‘मोबिली’ म्हणजे घरातलं फर्निचर, त्यामुळे हे शब्द घाईत वाचणारा सोफा-कपाटांची यादी शोधू लागतो. प्रत्यक्षात ही बँकेतली रक्कम, शेअर्स, रोखे अशी आर्थिक मालमत्ता. घर-जमिनीचा रकाना वेगळा असतो. आपल्या कुटुंबाच्या खात्यांत 22,000 युरो आहेत. खात्यातली रक्कम धरताना फक्त 31 डिसेंबरची शिल्लक पाहत नाहीत, वर्षभराची सरासरी शिल्लकही पाहतात. तिला ‘जाचेन्त्सा मेद्या’ म्हणतात. तिचं भाषांतर नुसतं ‘शिल्लक’ केलं की बँकेच्या उताऱ्याशी आकडा जुळत नाही. या रकमेतून 10,000 सोडून दिले जातात. या सुटीला ‘फ्रांकीजा’ म्हणतात. दुकानाच्या फ्रँचायझीशी तिचा काही संबंध नाही. उरले 12,000, त्यांचा पाचवा भाग 2,400.

28,200 अधिक 2,400 म्हणजे 30,600. (बचतीवर धरलं जाणारं थोडंसं नाममात्र उत्पन्न मी सोपेपणासाठी सोडलंय.) शेवटी ही रक्कम कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या गुणांकाने भागतात. एकट्या माणसासाठी तो 1 असतो, दोघांसाठी 1.57, चौघांसाठी 2.46. भागाकार येतो 12,439.02 युरो.

म्हणजे वर्षाला 41,000 मिळवणाऱ्या घराच्या प्रमाणपत्रावर साडेबारा हजारांच्या आतला आकडा छापून येतो. तो खोटा नाही आणि त्यात कुणी लबाडीही केलेली नाही. पण भाषांतरकाराने त्यापुढे ‘वार्षिक उत्पन्न’ लिहिलं, तर सोबत जोडलेल्या पगाराच्या कागदाशी त्याची सरळ टक्कर होते. कचेरीतला माणूस अर्ज बाजूला ठेवतो आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिची सवलत अडकते. कुटुंबाला कधीकधी मोह होतो, की आकडा कमी दिसतोय तर बरंच आहे, ‘उत्पन्न’च लिहा. मी ते कधीच लिहीत नाही. इसेए हा शब्द तसाच ठेवते, शेजारी कंसात अर्थ देते. प्रमाणपत्रावरचा पहिला आकडा तेवढा न घेता त्याच्या खालचा हिशेबाचा तक्ताही पूर्ण भाषांतरित करते, कारण गुणांक आणि वजावटी तिथेच दिसतात. पगाराचे खरे आकडे मालकाकडून दरवर्षी मिळणाऱ्या ‘चेर्तिफिकात्सिओने ऊनिका’ या कागदावर असतात. त्याचंही भाषांतर सोबत जोडायला सांगते.

वर्षाचा घोळ तर हमखास होतो. 2025 मध्ये भरलेल्या घोषणापत्रात उत्पन्न आणि बचत 2023 ची असते, आणि प्रमाणपत्र मात्र 31 डिसेंबर 2025 पर्यंत चालतं. परदेशी अर्ज 2024 चं उत्पन्न विचारत असेल तर हा कागद त्याचं उत्तर देतच नाही. मधल्या काळात नोकरी गेली असेल तर ‘इसेए कोर्रेन्ते’ म्हणजे चालू परिस्थितीचा इसेए काढून घेता येतो, पण तो सहाच महिने चालतो.

आकडे लिहिण्याची रीतही सांभाळावी लागते. इटलीत हजारांपुढे टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम लावतात, म्हणजे मूळ कागदावर 12.439,02 असं असतं. भाषांतरात तेच राहिलं, तर वाचणारा बारा युरोंवर थांबतो.

भाषांतर सुरू करण्याआधी मी प्रमाणपत्रावरचे शेरे वाचते. तिथे ‘ओमिस्सिओनी’ किंवा ‘दिफोर्मिता’ हे शब्द असतील, तर काही माहिती राहून गेली आहे किंवा सरकारी नोंदींशी जुळत नाही असा अर्थ. बहुतेक वेळा एखादं विसरलेलं जुनं बँक खातं निघतं. तो शेरा भाषांतरात गाळता येत नाही. म्हणून कुटुंबाला आधी काफमध्ये पाठवते, घोषणापत्र दुरुस्त करून नवं प्रमाणपत्र आणायला सांगते आणि मगच काम हातात घेते.