मुतखडा होऊन गेलाय, क्रिएटिन घ्यावं का?

समजा, नागपूरचा 29 वर्षांचा एक तरुण आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा मुतखडा पडला आणि तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. आता तो जिमला जातो आणि रोज 5 ग्रॅम क्रिएटिन सुरू करायचं म्हणतो. आई म्हणते, "ती पावडर किडनीत साठेल, पुन्हा खडा होईल." ट्रेनर म्हणतो, "काही होत नाही, पाणी पी." दोघांचंही अर्धवट खरं आहे.

क्रिएटिन किडनीत साठत नाही. आपलं शरीर ते रोज सुमारे एक ग्रॅम स्वतःच बनवतं आणि ते मुख्यतः स्नायूंत राहतं. त्यातल्या थोड्या भागाचं क्रिएटिनिन होतं आणि ते लघवीत विरघळून निघून जातं. त्याचे खडे बनत नाहीत. मात्र क्रिएटिनवरचे अभ्यास मुख्यतः निरोगी लोकांवर झालेले आहेत, त्यामुळे मुतखड्याच्या रुग्णांना ते निर्धास्तपणे लागू करता येत नाहीत. शिवाय पावडरीसोबत येणारा आहारही पाहावा लागतो. मांस आणि मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं, आणि मांसामुळे खडा रोखणारं सायट्रेट कमी होतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांमुळे ऑक्झलेट वाढतं.

"रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलं ते पावडरीमुळेच," हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. आकडा 1.0 वरून 1.3 झाला, तर कारण क्रिएटिन असू शकतं आणि किडनी ठणठणीत असू शकते. पण खडा मूत्रनलिकेत अडकूनही क्रिएटिनिन वाढतं, आणि कधी कधी तो दुखतही नाही. म्हणून ज्याला पूर्वी खडा झालाय, त्याने हा आकडा झटकून टाकू नये. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासून ठेवावं. वाढलं, तर डॉक्टर सोनोग्राफी करून सूज आहे का ते पाहतात, आणि गरज वाटल्यास सिस्टॅटिन सी तपासायला सांगतात. त्या तपासणीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.

पाण्याचा हिशेब ग्लासांत करून भागत नाही. महत्त्वाची असते ती लघवी, आणि ती दिवसाला किमान अडीच लिटर व्हायला हवी. नागपूरच्या मे महिन्यात घामावाटेच इतकं पाणी जातं की तीन लिटर पिऊनही लघवी गडद होते. एखाद्या सुटीच्या दिवशी 24 तासांची लघवी मोजून पाहावी, म्हणजे आपण कुठे कमी पडतो ते कळतं. इटलीत पहिला कॅल्शियमचा खडा झालेल्या 199 जणांवर पाच वर्षं अभ्यास झाला. 1996 मध्ये तो प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 जणांना पुन्हा खडा झाला, तर इतरांपैकी 27 जणांना.

या तरुणाने डॉक्टरांकडे जाताना खड्याचा जुना रिपोर्ट आणि डब्यावरची घटकांची यादी सोबत न्यावी. आधीच किडनीचा आजार असेल किंवा एकच किडनी असेल, तर डॉक्टरांचं मत मिळेपर्यंत डबा उघडू नये. पावडर घेत असताना कुशीत कळ, लघवीत रक्त किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.